मे महिन्यातलं महाबळेश्वर: कोणत्या वारी, किती वाजता?

वाचकाचं पत्र:

"आम्ही पुण्यात राहतो. मी, नवरा, सातवीतला मुलगा, तिसरीतली मुलगी आणि सासूबाई (वय ७१, गुडघे दुखतात). मुलं राज्य मंडळाच्या शाळेत आहेत. नवऱ्याला पाच दिवसांची रजा मिळते. १५ जूनच्या आत कधीही घेता येते. गेल्या वर्षी १ मेच्या जोडसुट्टीत महाबळेश्वरला गेलो. वाईच्या पुढे घाटात साडेतीन तास गाडी हलली नाही. वर पोचलो तर खोलीतही उकडत होतं. यंदा मुलगा मनालीचा हट्ट धरून बसलाय, सासूबाईंना महाबळेश्वरच हवंय, आणि मला वाटतं की एखादं अनवट ठिकाण शोधावं, जिथे गर्दी नसेल. खर्च चाळीस हजारांच्या पुढे नेता येणार नाही. थंड पण निवांत अशी जागा सुचवाल का?"

उत्तर:

आधी तुमच्या खोलीतल्या उकाड्याकडे वळू या, कारण त्यात माझ्या मते गर्दीइतकाच तुमच्या अपेक्षेचाही हात आहे. थंड हवेचं ठिकाण म्हटलं की आपण तिथे दुपारीसुद्धा शाल पांघरून बसायचं चित्र रंगवतो. मे महिन्यात सह्याद्रीत तसं कुठेही होत नाही.

हिशोब सोपा आहे. हजार मीटर वर चढलं की हवा साधारण सहा अंशांनी उतरते. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आणि महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे, म्हणजे फरक आठशे मीटरचा आणि हवेत पाचेक अंशांचा. पुण्यात ३७ असेल त्या दुपारी महाबळेश्वरला ३२ असणार, आणि ३२ अंशांत पत्र्याखालच्या खोलीत उकडणारच. फायदा होतो तो संध्याकाळी सहानंतर आणि सकाळी नऊपर्यंत. रात्री पारा विशीच्या आसपास येतो आणि पंखा बंद करून झोपता येतं. तुम्ही पैसे मोजता ते या पंधरा तासांसाठी. त्यातले चार तास घाटात आणि दोन तास जेवणाच्या रांगेत गेले तर थंड हवा नुसती कागदावर उरते.

हाच हिशोब तुमच्या अनवट ठिकाणांना लावून पाहा. लोणावळा पुण्यापेक्षा जेमतेम साठ मीटर उंच आहे. पावसाळ्यात तो सुंदर असेल, मेच्या दुपारी तिथे तुम्हाला पुणंच भेटेल. माथेरान आठशे मीटरवर आहे. तिथे मोटारी नाहीत हे सुख खरं, पण दस्तुरी नाक्यावर गाडी लावल्यावर पुढचा प्रवास सासूबाईंच्या गुडघ्यांना विचारूनच करावा लागेल. आंबोली सातशे मीटरच्या आत-बाहेर. तापोळ्याचे फोटो तुम्हाला कुणी ना कुणी पाठवले असतीलच. जागा देखणी आहे यात वाद नाही, पण ते गाव कोयनेच्या जलाशयाच्या काठावर आहे, म्हणजे महाबळेश्वरहून जवळजवळ निम्म्या उंचीवर खाली उतरून तुम्ही तिथे पोचता. एकदा आम्ही गर्दीला कंटाळून महाबळेश्वरची खोली सोडली आणि खाली पाण्याकाठी राहायला गेलो. निवांतपणा पोटभर मिळाला. रात्री अकरा वाजता मात्र सगळे ओल्या टॉवेलने मान पुसत ओट्यावर बसलो होतो. आपल्याकडची बरीच अनवट ठिकाणं मे महिन्यात ओस असतात ती एवढ्याचसाठी. लोकांना ती माहीत नसतात असं नाही.

उंची पक्की ठरलेली आहे, तिथे तुमचं-माझं काही चालत नाही. गर्दीचं तसं नाही. तुमच्या पत्रात मला एक गृहीतक दिसलं, की गर्दी हा जागेचा गुण आहे आणि जागा बदलली की गर्दी सुटेल. माझा अनुभव असा की गर्दी ठरते ती कुणाकुणाच्या शाळांना त्या दिवशी सुट्टी आहे आणि वार कोणता आहे यावर.

आपल्या राज्य मंडळाच्या शाळा मेच्या सुरुवातीला सुटतात आणि १५ जूनच्या सुमाराला भरतात, विदर्भात त्याहून आठवडाभर उशिरा. शेजाऱ्यांचं वेळापत्रक वेगळं असतं. २०२५ साली गुजरातची सुट्टी ५ मे ते ८ जून होती. कर्नाटकातल्या शाळा एप्रिलच्या मध्यापूर्वीच सुटल्या आणि मे संपण्याआधी भरल्या. तमिळनाडूतल्या २ जूनला उघडल्या. दिल्लीतल्या सरकारी शाळा ११ मेला बंद झाल्या त्या जूनअखेरपर्यंत. दर वर्षी चार-दोन दिवस मागेपुढे होतात, ढाचा तोच राहतो. आता नकाशावर नजर टाका. महाबळेश्वरला मुंबई-पुण्याबरोबर गुजरातची मंडळी येतात. उटी आणि कोडाईकनालला तमिळनाडू, केरळ आणि कर्नाटक येतं. मनाली-सिमल्याला दिल्ली, पंजाब आणि हरयाणा. आपली सुट्टी जूनच्या मध्यापर्यंत चालते आणि बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांची त्याआधी संपते. सुट्टीचं हे शेपूट आपल्या हातात असतं, आणि आपण ते दप्तर-वह्या-गणवेशाच्या खरेदीत घालवून मेच्या पहिल्या पंधरवड्यात सगळ्यांबरोबर घाटात जाऊन बसतो.

म्हणून तुमच्यासाठी माझा कौल असा: महाबळेश्वरच, पण मेचा शेवटचा किंवा जूनचा पहिला आठवडा, सोमवारी जाऊन शुक्रवारी परत. सासूबाईंचं म्हणणं राखायचं म्हणून हे सुचवत नाही. स्वतःच्या गाडीने चार तासांत पोचता येईल, पाच माणसांचं चाळीस हजारांत भागेल आणि पाचही दिवस हाताला लागतील, असं पुण्याहून याच उंचीचं दुसरं ठिकाण मला दिसत नाही.

यात पावसाची जोखीम आहे, ती लपवत नाही. मेच्या उत्तरार्धात वळीव येतो. संध्याकाळी अर्धा-पाऊण तास कोसळतो, वीज जाते, आणि मग अशी हवा सुटते की मुलं स्वेटर मागतात. तेवढा पाऊस मी नफ्यातच धरते. मोसमी पाऊस मुंबईत नेहमी ११ जूनच्या आसपास धरला जातो, पण २०२५ मध्ये तो २६ मेलाच येऊन दाखल झाला. असं झालं तर धुकं, बंद बोटी आणि घाटात दरडींची भीती, तिन्ही एकदम गळ्यात पडतात. तेव्हा खोली ठरवताना एकच गोष्ट लेखी घ्या: पाऊस लवकर आला तर तारीख बदलून मिळेल का, आणि किती दिवस आधी कळवायचं. मोसमाच्या शेवटी बहुतेक हॉटेलवाले याला तयार होतात, कारण त्यांनाही खोल्या रिकाम्या ठेवायच्या नसतात. निघण्याआधीच्या शुक्रवारी हवामान खात्याचा अंदाज बघा. केरळात पाऊस उतरून वर सरकू लागला असेल तर जूनचा आठवडा सोडा. म्हणूनच मेचा शेवटचा आठवडा पहिली पसंती आणि जूनचा दुसरी.

आता घाट. गेल्या वर्षी वाईच्या पुढच्या घाटात तुम्ही कशामुळे अडकलात ते तुम्ही लिहिलं नाही, पण मी अंदाज करू शकते. पसरणी घाटात गाड्या थांबतात त्या घाटामुळे कमी आणि वरच्या अडथळ्यांमुळे जास्त. पाचगणीच्या तोंडाशी प्रवासी कराचा नाका, मग पाचगणीची बाजारपेठ, आणि पुढे वेण्णा तलाव. तलावाजवळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या लावून लोक मक्याची कणसं आणि घोड्यांकडे वळतात, मधे एकच गाडी जाईल एवढी वाट उरते. त्या शेपटीचं टोक शनिवारी दुपारपर्यंत घाटात उतरतं. एकाच वेळी खोल्या सोडणारे खाली येत असतात आणि खोल्या घेणारे वर जात असतात, त्यामुळे दहा ते दोन ही वेळ सगळ्यात वाईट. सोमवारी ही रांग नसते असं नाही, पण ती मिनिटांत मोजता येते.

पहाटे पाचला घर सोडा. साडेसातपर्यंत वाई येते. तिथे थांबायचा मोह आवरून आधी घाट चढा आणि नाश्ता पाचगणीत करा. नाक्यावर द्यायला सुटे पैसे हाताशी ठेवा. चढताना रांग लागलीच आणि गाडीच्या तापमानाचा काटा वर सरकायला लागला, तर एसी बंद करून काचा उघडा. चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवण्यापेक्षा हँडब्रेक ओढून थांबा. गेल्या वर्षीच्या साडेतीन तासांत तुमच्या क्लचने काय सोसलं असेल ते गॅरेजवाल्याला विचारून घ्या, निघण्याआधीच.

वाईच्या बाजूने अडकल्याचं कळलं तर दुसरी वाट आहे: साताऱ्याहून मेढा आणि केळघर घाटाने थेट महाबळेश्वर. अंतर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरने वाढतं, पण पाचगणी आणि वेण्णा तलाव दोन्ही टळतात. पाऊस सुरू झालेला असेल तर मात्र त्या घाटाची स्थिती साताऱ्यातच कुणाला तरी विचारा आणि मगच वळा.

वर पोचाल तेव्हा नऊ-साडेनऊ झाले असतील आणि खोली बाराशिवाय मिळणार नाही. हे तास मुलांना हॉटेलच्या पायरीवर बसवून घालवू नका. सामान तिथे ठेवा आणि क्षेत्र महाबळेश्वरला जा, गावापासून पाच-सहा किलोमीटर. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम जिथे मानतात ते पंचगंगेचं देऊळ सासूबाईंना शांतपणे बघता येईल. हे अकराच्या आत करा. त्यानंतर देवळाबाहेरच्या फरशा अशा तापतात की अनवाणी माणूस दर्शनाला चालत जात नाही, पळत जातो.

पुढच्या दिवसांसाठी एक सवय बदलायला सांगते. मंडळी दहाला उठतात, अकरा ते पाच पॉइंट बघतात आणि सूर्यास्ताला बॉम्बे पॉइंटवर जातात, जिथे सूर्यापेक्षा डोकी जास्त दिसतात. तुम्ही उलटं करा. मेअखेरीला सहाच्या सुमाराला उजाडतं. त्या वेळी विल्सन पॉइंटवर असा. महाबळेश्वरातली ही सगळ्यात उंच जागा, १,४३९ मीटर, आणि गाडी जवळपर्यंत जाते, त्यामुळे आजींना चालावं लागत नाही. आठपर्यंत एखादा दुसरा पॉइंट होतो. आर्थर सीटला पायऱ्या आहेत आणि माकडं पिशव्या ओढतात; तिकडे तुम्ही मुलांना घेऊन जा आणि सासूबाईंना नवऱ्याबरोबर गाडीपाशी थांबू द्या. तलावावर बोटी सुरू होताच जा. साडेदहाला खोलीवर, जेवण, झोप, पत्ते. पाच वाजता पुन्हा बाहेर. बाजारात फुटाणे आणि चपला घेण्यासाठी ती वेळ पुरते. जांभळं, करवंदं आणि तुती त्या सुमाराला मिळतात. स्ट्रॉबेरीचा मोसम तोवर संपत आलेला असतो, म्हणून ताज्या स्ट्रॉबेरीचं वचन मुलांना देऊ नका.

खोलीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण गेल्या वर्षीचा उकाडा तिथूनच आला असावा. फोनवर आपण "एसी आहे का" विचारतो. त्याऐवजी चार प्रश्न विचारा. खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे का? असेल तर नको. दिवसभर तापलेला स्लॅब किंवा पत्रा रात्री बारापर्यंत उष्णता सोडत राहतो आणि बाहेरची थंड हवा आत असून नसल्यासारखी होते. खिडकी पश्चिमेला आहे का? असेल तर दुपारी तीनपासून ऊन आत. समोरासमोर दोन खिडक्या किंवा खिडकी आणि गॅलरी आहे का? म्हणजे रात्री वारा आरपार जाईल. आणि पाणी टँकरचं आहे का? मेअखेरीला ते टँकरचं असणं गैर नाही, पण आंघोळीच्या वेळा ठरलेल्या असतील तर आधी कळलेलं बरं. सासूबाईंसाठी तळमजला आणि कमोड, हे वेगळं सांगावं लागेल. आम्हाला एकदा 'व्ह्यू रूम' म्हणून तिसऱ्या मजल्यावरची खोली मिळाली होती. दरी खरंच दिसत होती, पण माझ्या आईने ती चार दिवसांत दोनदाच बघितली, कारण तेवढ्याच वेळा ती जिना चढली.

राहायला गावातच हवं असंही नाही. पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मधे भिलार आहे, २०१७ पासून पुस्तकांचं गाव म्हणून ओळखलं जातं. घराघरांत मराठी पुस्तकं मांडलेली आहेत, कुणीही बसून वाचावं. मुलांच्या दुपारी तिथे बऱ्या जातात. उंची जवळपास वरच्याइतकीच, म्हणजे थंडी हातची जात नाही, आणि घरगुती राहण्याच्या सोयी हॉटेलांपेक्षा स्वस्त पडतात. फक्त मग वेण्णा तलावाची कोंडी तुमच्या आणि पॉइंटांच्या मधे येते, म्हणून पहाटे निघण्याचा नियम अधिक कडक पाळावा लागेल. तुमच्या घरी पहाटे कुणीच उठत नसेल तर भिलार नको, गावातच राहा.

परतीला शुक्रवारी सकाळी न्याहारी करून नऊला निघा. दुपारनंतर शनिवार-रविवारची लाट वर यायला सुरुवात होते. शनिवारी घरी धुणं वाळत घालताना घाटाच्या बातम्या ऐकायला बरं वाटतं, हे थोडं दुष्टपणाचं सुख आहे, पण असतं.

उटीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण हे वाचणाऱ्या पुष्कळांच्या मनात ते असेल. थंडी हीच पहिली गरज असेल तर दक्षिणेत उटी (२,२४० मीटर) किंवा तिच्या खालचं कुन्नूर हे खरं उत्तर आहे; तिथे मेच्या दुपारीसुद्धा पंचविशीच्या आत हवा असते. मात्र पुण्याहून रेल्वेने कोइमतूर गाठायलाच सव्वा दिवस लागतो, म्हणजे नऊ दिवस मोकळे हवेत. मेच्या मध्यावर तिथे फुलांचं प्रदर्शन भरतं आणि सगळा तमिळनाडू लोटतो. शिवाय मे २०२४ पासून खासगी आणि भाड्याच्या गाड्यांना ई-पास लागतो आणि मोसमात रोजच्या गाड्यांची संख्या ठरवून दिलेली असते. जूनचा पहिला आठवडा तिथेही मोकळा, पण नीलगिरीत तेव्हा पाऊस टेकलेला असतो. यंदा तुमच्या रजेत हे बसत नाही.

राहिला मुलाचा हट्ट. मनाली यंदा नको, पण "लांब आहे" एवढंच सांगून त्याचं समाधान होणार नाही, सातवीतल्या मुलाला हिशोब दाखवावा लागतो. नकाशा उघडून त्याच्याबरोबर बसा. पुणे ते दिल्ली रेल्वेने एक दिवस, तोही मेमध्ये चाळिशीच्या वरच्या उन्हातून. दिल्लीहून मनाली पाचशे किलोमीटरच्या वर, बसने बारा-चौदा तास, त्यातले शेवटचे वळणांचे. परतही तेवढंच. पाच दिवसांच्या रजेतला एक दिवस मनालीत उरतो, आणि आजी तिथे पोचतील त्या बसूनच राहतील. रोहतांगला जायचं तर गाडीचा परवाना लागतो, रोजच्या गाड्या ठरलेल्या असतात आणि मंगळवारी तो रस्ता पर्यटकांना बंद ठेवतात. हे सगळं त्यालाच शोधून काढायला लावलंत तर उत्तम. नकार तुम्ही देण्यापेक्षा नकाशाने दिलेला बरा.

मग त्याला पुढच्या वर्षाचा बेत आखू द्या, नऊ दिवसांचा, आजींना नणंदेकडे किंवा जावेकडे ठेवून. वर दिलेल्या शाळांच्या तारखांमध्ये त्याची खिडकीही आहे. आपल्या शाळा मेच्या सुरुवातीला सुटतात आणि दिल्लीच्या साधारण ११ मेला, म्हणजे पहिल्या आठ-नऊ दिवसांत मनालीत उत्तरेची मोठी गर्दी अजून उतरलेली नसते आणि वर डोंगरात बर्फही शिल्लक असतो. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, सकाळी आठला. ३ मेच्या गाडीसाठी ती तारीख ४ मार्च. वार्षिक परीक्षेच्या धामधुमीत ती हमखास विसरते, तेव्हा कॅलेंडरवर खूण त्यालाच करायला सांगा.